तक्रारींची यादी प्रत्येकाकडे वेगळी दिसतेय? गुगल शीट आणि चॅटवर येताना काय काय तपासायचं

ताई, काल तुम्ही फोनवर म्हणालात ना की पलूस लाईनवरच्या गावातल्या एकाच पाण्याच्या मोटरीसाठी दोन मेकॅनिक गेले आणि तिकडे दुसऱ्या गावात चार दिवस कोणीच फिरकलं नाही, ते ऐकून मला लगेच कळलं काय झालंय. हाच घोळ मी आपल्या तासगावच्या काउंटरवर दोनदा आणि गोडाऊनच्या स्टॉकला एकदा निस्तरलाय. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून सगळं लिहून काढतोय, तुमच्याकडच्या पोरांनाही वाचायला द्या.

आधी सल्ला सांगतो. तक्रारींची यादी एकाच गुगल शीटमध्ये ठेवा आणि आपापसातलं बोलणं गुगल चॅटच्या एका स्पेसमध्ये करा. गिऱ्हाईकाशी व्हॉट्सॅपवरच बोला, ते बदलायची काही गरज नाही, पण आपल्या आपल्यात फाईल पाठवणं बंद करायचं. हेच दोन का, तर आपल्या सहाही जणांकडे अँड्रॉइड फोन आहेत म्हणजे प्रत्येकाचा जीमेल आधीच आहे, पैसे पडत नाहीत, आणि चॅटमध्ये शीटची लिंक टाकली की ज्याला परवानगी नाही त्याला द्यायची का हे तिथंच विचारलं जातं. मी आधी स्लॅक बघितलं होतं, छान आहे, पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये मागच्या 90 दिवसांचेच मेसेज दिसतात आणि आपल्याकडे मोटरीची वॉरंटी वर्षाची, आठ महिन्यांपूर्वी कोणी काय कबूल केलं होतं ते शोधावंच लागतं. मायक्रोसॉफ्टचं ज्यांच्याकडे आधीच विकत घेतलेलं आहे त्यांनी तेच वापरावं. आणि अकाउंटवाल्या दादांची मॅक्रोवाली एक्सेल आहे ती तशीच राहू द्या, ती मॅक्रो गुगल शीटमध्ये चालत नाहीत, उगाच तिला हात लावू नका.

आता लक्षणं. यातलं एक जरी दिसत असेल तरी पुढे वाचा.

- फाईलच्या नावात (1), (2), (3) किंवा "नवीन फायनल" असं काहीतरी आहे
- एकाच तक्रारीपुढे एकाकडे "झालं" आणि दुसऱ्याकडे "बाकी"
- "माझ्याकडे तर दिसतंय" हे वाक्य दिवसातून दोनदा ऐकू येतं
- लिंक दाबली की You need access येतं
- काल लिहिलेल्या ओळी आज गायब आहेत
- जुन्या तक्रारी बाकीच्या यादीत येतच नाहीत, किंवा कालची तक्रार महिन्याभराची जुनी म्हणून येते

पहिली तपासणी, एक मिनिटाची आणि फुकट: सगळे एकाच फाईलमध्ये आहेत का? सगळ्यांना यादी उघडायला सांगा आणि तुम्ही कडेच्या एखाद्या रिकाम्या सेलमध्ये "चहा" असं टाईप करा. बाकीच्यांच्या स्क्रीनवर एक-दोन सेकंदात तो शब्द उमटला पाहिजे. ज्याच्याकडे उमटला नाही तो दुसऱ्याच फाईलमध्ये काम करतोय, मग त्याच्या फाईलचं नाव अगदी तेच असलं तरी. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा घोळ इथंच सापडतो. कारण असं की व्हॉट्सॅपवर एक्सेल पाठवली म्हणजे प्रत्येकाला तिची वेगळी प्रत मिळते, त्याने स्वतःच्या फोनमध्ये "झालं" लिहिलं तर ते त्याच्याच फोनमध्ये राहतं, तो परत पाठवतो तेव्हा तोवर तुम्ही तुमच्या प्रतीत तीन नवीन तक्रारी टाकलेल्या असतात. मग कोणाची खरी मानायची? कोणाचीच पूर्ण खरी नसते.

इथं एक फसवी गोष्ट आहे. पुष्कळ जण जुनी एक्सेल ड्राईव्हवर चढवतात आणि समजतात की झालं, आता शीट झाली. उघडल्यावर फाईलच्या नावाशेजारी छोटा .XLSX असा शिक्का दिसत असेल तर ती अजून एक्सेलच आहे. ती गुगलमध्ये एकत्र एडिट होते हे खरं, पण कोणीतरी ती फोनवर उतरवून एक्सेल अॅपमध्ये उघडतोच आणि परत प्रतींचा खेळ चालू होतो. म्हणून File मधून Save as Google Sheets करा. याने नवीन शीट तयार होते, जुनी एक्सेल तशीच मागे राहते, तिला लगेच "जुनी – वापरू नये" असं नाव द्या आणि वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. हे त्याच दिवशी केलं नाही तर आठवड्याने कोणीतरी तिच्यातच लिहीत बसलेलं असतं, आमच्याकडे गोडाऊनला असंच झालं होतं आणि अकरा पाइपांचा हिशोब दोन दिवस लागत नव्हता.

दुसरी तपासणी, तीही फुकटच: फोनमध्ये कुठलं अकाउंट चालू आहे? You need access आलं की पोरं समजतात आपल्याला काढून टाकलं आणि नाराज होतात, पण बहुतेक वेळा फोनमध्ये दोन जीमेल असतात, एक स्वतःचा आणि एक जुना, मुलाच्या गेमसाठी काढलेला नाहीतर दुकानदाराने फोन चालू करताना टाकलेला. शीट्सच्या अॅपमध्ये वर उजवीकडे जो गोल फोटो असतो तो दाबा आणि ज्या मेलला परवानगी दिलीय तोच निवडलाय का ते बघा. लगेच उघडतं.

याला कंटाळून लोक Anyone with the link करून वर Editor देऊन टाकतात. कृपा करून ते करू नका. आपल्या यादीत शेतकऱ्यांची नावं आहेत, फोन नंबर आहेत, उधारी किती हेही आहे, आणि ती लिंक एकदा चुकून गिऱ्हाईकाच्या ग्रुपवर गेली की ज्याच्या हातात पडेल तो वाचेलही आणि बदलेलही. Restricted ठेवा, सहा मेल आयडी एकदाच घाला, दहा मिनिटांचं काम आहे. Share मधल्या गिअरच्या खुणेत Editors can change permissions and share असं असतं, तिथली टिक काढून टाका म्हणजे परवानगी द्यायचं काम एकाच माणसाकडे राहील.

तिसरी तपासणी, ओळी "गायब" झाल्या असतील तर. घाबरायच्या आधी डावीकडचे ओळींचे आकडे बघा. 4 नंतर एकदम 9, मग 17 असे आकडे असतील तर काहीही गेलेलं नाही, कोणीतरी फिल्टर लावून ठेवलाय. शीटमधला साधा फिल्टर लावणाऱ्यापुरता नसतो, तो सगळ्यांनाच लागतो. काउंटरवरच्या पोराने "झालं" वाले लपवले की तुमच्याही स्क्रीनवरून ते जातात आणि मग तुम्ही तीच तक्रार परत लिहिता, तिला नवीन नंबर पडतो, आणि दोन मेकॅनिक एकाच विहिरीवर पोचतात. तुमच्या परवाच्या किश्श्यात मला हाच संशय आहे.

यावर मी जे केलंय ते तुम्हीही करा. मूळ पानाचं नाव "नोंद", त्यात पहिले सात कॉलम या क्रमाने, फोन-उधारी त्यांच्या पुढे: तारीख, तक्रार नंबर, गिऱ्हाईक, गाव, लाईन, मेकॅनिक, स्थिती. त्या पानावर कोणीही फिल्टर लावायचा नाही. प्रत्येक लाईनसाठी खाली वेगळं पान आणि त्याच्या A2 सेलमध्ये एवढंच:

```
=FILTER('नोंद'!A2:G, 'नोंद'!E2:E="पलूस", 'नोंद'!G2:G="बाकी")
```

मेकॅनिक सकाळी फोनवर त्याच्या लाईनचं पान उघडतो, त्याला फक्त बाकीची कामं दिसतात. एकच सांगायचं, या पानात काही लिहायचं नाही, लिहिलं की सूत्राला पसरायला जागा उरत नाही आणि #REF! येतं. आलं तर जे लिहिलंय ते पुसून टाका, यादी परत येते. "झालं" हे मूळ नोंद पानावरच करायचं.

आता सॉर्टबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फिल्टरने काही बिघडत नाही पण सॉर्टने खरंच बिघडतं. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात, ऐन मोटरी जळायच्या दिवसांत, काउंटरवरच्या एकाला बघायचं होतं की कोणत्या मेकॅनिककडे किती कामं आहेत. त्याने फक्त मेकॅनिकचा F कॉलम सिलेक्ट केला आणि Sort range केलं. झालं काय, तर मेकॅनिकांची नावं अकारविल्हे लागली पण गिऱ्हाईक आणि गाव जिथल्या तिथं राहिले. 212 ओळी होत्या. यादी दिसायला एकदम व्यवस्थित, कुठं एरर नाही, काही नाही, आणि प्रत्येक कामापुढे भलत्याच माणसाचं नाव. सकाळी नऊला पहिला फोन आला तेव्हा कळलं.

अशा वेळी लगेच Ctrl+Z मारत बसू नका, तोवर बाकीचेही लिहीत असतात आणि तुमचं अनडू फक्त तुमच्याच कामापुरतं चालतं. File मधून Version history आणि तिथून See version history उघडा. उजवीकडे तारीख-वेळेने जुन्या आवृत्त्या दिसतात, कोणी बदललं त्याचं नावही दिसतं. आम्हाला आदल्या संध्याकाळी 6:40 ची चांगली आवृत्ती सापडली. आता मोह होतो की Restore this version दाबून मोकळं व्हावं, पण त्याच्यानंतर सकाळपर्यंत नऊ नवीन तक्रारी आल्या होत्या, त्या मागे गेल्या असत्या. म्हणून त्या आवृत्तीच्या तीन टिंबांतून Make a copy केलं, त्या कॉपीतला F2 ते F213 एवढाच तुकडा उचलला आणि चालू शीटमध्ये त्याच जागी चिकटवला. बाकीचे कॉलम हललेच नव्हते आणि नवीन नऊ ओळी खाली होत्या त्यामुळे सगळं जागेवर आलं. मग ती कॉपी लगेच डिलीट केली, नाहीतर परत दोन याद्या. एखाद्याच सेलबद्दल भांडण असेल तर एवढंही करायला नको, कॉम्प्युटरवर त्या सेलवर राइट क्लिक करून Show edit history बघा, कोणी कधी काय बदललं ते तिथंच कळतं. हे मी कोणाला पकडायला सांगत नाही, पण "मी केलं नाही, तू केलंस" यात अर्धा तास जातो तो वाचतो.

चौथी तपासणी तारखांची. हिला जरा वेळ लागतो आणि ही लवकर लक्षातच येत नाही. शीट ज्या अकाउंटवरून तयार झाली त्याची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर शीट महिना आधी आणि दिवस नंतर असं धरते. तुम्ही 5 एप्रिलला 05/04 लिहिलंत की ते 4 मे म्हणून बसतं. 3 एप्रिलचं 4 मार्च होतं. 04/04 मात्र नशिबाने बरोबर येतं. आणि 13 तारखेपासून पुढे 13/04 म्हणजे तेरावा महिना, असा महिनाच नाही, म्हणून शीट त्याला तारीख न समजता नुसता मजकूर समजते. आमची "आठवड्याहून जुनी बाकी कामं" ही यादी अशी होती:

```
=FILTER('नोंद'!A2:G, 'नोंद'!G2:G="बाकी", 'नोंद'!A2:A<TODAY()-7)
```

5 तारखेची एक तक्रार शीटच्या हिशोबाने मे महिन्यातली होती, म्हणजे अजून यायचीच होती, म्हणून ती या यादीत आलीच नाही. 16 तारखेला त्या शेतकऱ्याचाच फोन आला, अकरा दिवस ऊस पाण्याविना उभा होता आणि आमच्या यादीत मात्र सगळं हिरवं. त्या माणसाला काय सांगायचं हेच सुचेना. तेव्हापासून मी नवीन शीट केली की सगळ्यात आधी हे तपासतो.

कसं ओळखायचं: खऱ्या तारखा सेलच्या उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डावीकडे चिकटतो (कोणी हाताने मध्ये आणलं नसेल तर). अर्धा कॉलम उजवीकडे, अर्धा डावीकडे असेल तर हाच रोग. खात्री करायला कडेच्या रिकाम्या कॉलममध्ये

```
=ISNUMBER(A2)
```

टाकून खाली ओढा, FALSE आलं ती मजकूर झालेली तारीख. पण TRUE आलं म्हणजे बरोबरच आहे असं नाही हो, ते 4 मे वालंही TRUEच सांगतं, त्यामुळे 1 ते 12 तारखांच्या नोंदी डोळ्यानेच बघाव्या लागतात. उपाय म्हणजे File, Settings, तिथं Locale मध्ये India करा. याने इथून पुढे लिहाल ते बरोबर बसेल, आधीच चुकीच्या महिन्यात बसलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत, त्या परत टाईप कराव्या लागतात. आम्ही दोघांनी मिळून दीड तासात केल्या, एक वाचतो एक लिहितो असं.

पाचवी गोष्ट चॅटची. शीट बरोबर असूनही घोळ होत असेल तर बघा की कामं यादीत पडतायत की बोलण्यातच राहतायत. "पलूसला त्या पाटलांकडे जाऊन ये" असा मेसेज चॅटवर टाकला आणि नोंद केली नाही, की ते काम त्या एका मेसेजपुरतंच जगतं, वर आणखी वीस मेसेज आले की संपलं. आमच्याकडे नियम एकच आहे, आधी शीटमध्ये नोंद, मग तिचा नंबर चॅटवर. "147 बघा, वाइंडिंग जळलंय, जाताना 5 एचपीचा स्टार्टर घेऊन जा." नंबर असला की मेकॅनिक गाव, फोन, जुनं काम सगळं शीटमध्ये बघतो आणि सहा महिन्यांनी चॅटमध्ये 147 शोधलं की सगळी बोलणी एका ठिकाणी मिळतात. रस्त्यावरच्या पोरांना मेसेज उशिरा पोचत असतील तर अॅप काढून परत टाकायच्या आधी फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी वाचवायला चॅट अॅपवर बंधन घातलंय का ते बघा, स्वस्तातल्या फोनमध्ये ते फार असतं, बंधन काढलं की मेसेज वेळेवर वाजतात.

शेवटची तपासणी सगळ्यात जड, पण टाळू नका: शीट कोणाच्या मालकीची आहे? Share दाबा, ज्याच्या पुढे Owner लिहिलंय तो मालक. तुमची शीट आधीच्या मॅनेजरनी स्वतःच्या जीमेलवरून केलेली असणार असं मला वाटतंय. ते सोडून गेले, उद्या त्यांनी ड्राईव्ह साफ करताना ती फाईल उडवली तर ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते आणि मग कायमची जाते, आणि ट्रॅश त्यांचा, तुमचा नाही. शिवाय फुकट जागा 15 जीबी, त्यात जीमेल, ड्राईव्ह आणि फोटो सगळं आलं, मालकाच्या लग्नाच्या फोटोंनी ती भरली की ऑफिसचं काम अडतं. म्हणून शाखेच्या नावाने एक जीमेल काढा, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, रिकव्हरी नंबर साहेबांचा द्या, आणि आधीच्या मॅनेजरना गोडीत फोन करून सांगा की Share मध्ये शाखेच्या मेलपुढे Transfer ownership करा. त्यांनी केल्यावर शाखेच्या अकाउंटमध्ये जाऊन ते स्वीकारावंही लागतं, तोवर मालकी बदलत नाही. हे ते फोन उचलतायत तोवरच करून घ्या.

कुठे थांबायचं तेही सांगतो. मालकाचं अकाउंट लॉक झालंय आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही, तर दहा वेळा अंदाजाने टाकत बसू नका, चालू असलेल्या शीटची File मधून लगेच एक कॉपी शाखेच्या अकाउंटवर करा आणि आपल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलवा. Share च्या यादीत अनोळखी मेल दिसला तर तो काढा, स्क्रीनशॉट घ्या, पासवर्ड बदला आणि साहेबांना त्याच दिवशी सांगा, हे आपल्या पातळीवर दाबून ठेवायचं काम नाही. आणि तुमच्याकडची ती जुनी गिऱ्हाईकांची यादी, जी श्रीलिपीत का कृतिदेवमध्ये टाईप केलेली आहे, ती शीटमध्ये उघडली की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसेल. फाईल खराब झालेली नाही, ते फॉन्ट युनिकोड नाहीत म्हणून तसं दिसतं. पन्नास-साठ नावं असतील तर परत टाईप करा, हजारो असतील तर युनिकोडमध्ये बदलून देणारा माणूस गाठा, कारण फुकटचे कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार कुठेतरी चुकवतातच आणि मग "सूर्यवंशी" शोधलं तर सापडत नाही. मूळ फाईल मात्र पेनड्राईव्हवर जपून ठेवा.

रविवारी दुकान बंद असतं तेव्हा मी दुपारी येतो, तोवर तुम्ही सहा जणांचे मेल आयडी कागदावर लिहून ठेवा, प्रत्येकाच्या फोनमध्ये बघून, तोंडी विचारून नाही, आणि ती "चहा" वाली तपासणी करून कोणाकोणाकडे उमटलं तेवढं मला कळवा.